दहा आकडे होईपर्यंत

दातांच्या दवाखान्यात सगळ्यात भीतीदायक वस्तू कोणती, असं विचारलं तर आपण ड्रिलकडे नाहीतर सुईकडे बोट दाखवू. ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर काम करणारे दंतवैद्य बऱ्याचदा खुर्चीकडे दाखवतात. बटण दाबलं की पाठ मागे जाते, पाय वर उचलले जातात, डोकं खाली येतं. आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी छोटीशी यंत्रणा आहे ती मेंदूला कळवते की शरीर कललं, आणि मेंदू ती खबर ऐकून सोडून देतो. काही मुलांचा मेंदू ती सोडत नाही. पाय जमिनीवरून सुटले आणि डोकं मागे गेलं की आपण पडतोय असंच त्यांना वाटतं. पडत असतानाच कुणी तोंडात बोट घालायला आलं, तर आपणही चावलोच असतो.

यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला खरंच वाटेना. मूल आत येण्यापूर्वीच खुर्ची आडवी करून ठेवायची. बस्स. मूल स्वतःच्या पायांनी चढतं आणि पलंगावर पडावं तसं पडतं. काहीच हललं नाही, त्यामुळे पडण्याची भीती उरत नाही. ना औषध, ना यंत्र, एका पैशाचा खर्च नाही.

या विषयातल्या बहुतेक युक्त्या अशाच आहेत. वरून क्षुल्लक दिसतात, पण प्रत्येकीच्या मागे मेंदूबद्दलची एखादी नवलाची गोष्ट असते. मुळात तोंड ही जागाच विलक्षण. 1937 साली मॉन्ट्रिअलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री या दोघांनी जाग्या रुग्णांच्या मेंदूवर विजेचे हलके झटके देऊन शरीराचा कोणता भाग कुठे जाणवतो त्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यातून जो नकाशा तयार झाला त्यात अख्ख्या पाठीला चिंचोळी पट्टी मिळाली आहे आणि ओठ, जीभ यांना ऐसपैस जागा. दंतवैद्य काम करतो ते नेमकं या ऐसपैस भागात. शिवाय डोळ्यांवर दिवा, ग्लोव्हजचा वास, पेस्टची पुदिन्याची झणझणीत चव, थुंकी ओढणाऱ्या नळीची घरघर आणि मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणाऱ्या एअरोटरची शीळ. पाचही ज्ञानेंद्रियांवर एकाच वेळी, तेही उताणं पडलेलं असताना.

‘होईल सवय थोड्या वेळात,’ असं आपण म्हणतो, कारण आपली खरंच होते. पंख्याचा आवाज दोन मिनिटांत ऐकू येईनासा होतो, अंगावरचा स्वेटर टोचायचा थांबतो. 2015 साली लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठात शुलामाइट ग्रीन आणि सहकाऱ्यांनी याच सवयीचा माग काढला. मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून रहदारीचा आवाज ऐकवला आणि त्यांच्या हातावर खरखरीत लोकर घासली. पुन्हा पुन्हा. इतर मुलांच्या मेंदूतला प्रतिसाद हळूहळू मावळत गेला. ऑटिझम असलेल्या ज्या मुलांना संवेदनांचा त्रास जास्त होता, त्यांच्या मेंदूत तो तसा मावळला नाही. स्पर्श आणि आवाज टिपणारे भागही जागे राहिले आणि धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डालाही. प्रत्येक वेळची लोकर जणू पहिलीच.

मला हा निष्कर्ष दवाखान्याच्या दृष्टीने फार मोठा वाटतो. मुलाला खुर्चीत जास्त वेळ धरून ठेवलं की ते निवेल, या आपल्या ठाम समजुतीला तो सुरुंग लावतो. निवण्याची व्यवस्थाच मंद असेल तर विसाव्या मिनिटाला मूल पहिल्या मिनिटापेक्षा जास्त पेटलेलं असणार. पहिली भेट दहा मिनिटांची ठेवा, असं सांगतात त्याची मुळं इथे आहेत.

आता त्या पाच आघाड्यांपैकी किती बंद करता येतात ते पाहू. लॉस एंजेलिसमध्येच शॅरन सरमॅक आणि लिआ स्टाइन ड्युकर यांनी दवाखान्यातली एक खोली बदलून पाहिली. छताचे दिवे बंद केले, खिडक्या झाकल्या, डॉक्टरांनी डोक्याला छोटा दिवा लावला, म्हणजे उजेड फक्त तोंडात पडेल. छतावर संथ सरकणारी चित्रं, मंद संगीत. आणि खुर्चीभोवती फुलपाखराच्या पंखांसारखं एक जाड आवरण, जे मुलाला खांद्यापासून खालपर्यंत घट्ट लपेटून घेतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पिसासारखा हलका स्पर्श यातल्या अनेक मुलांना असह्य होतो, आणि सर्वांगावर सारखा पसरलेला घट्ट दाब मात्र शांत करतो. तान्ह्या बाळाला दुपट्यात करकचून गुंडाळल्यावर ते गप्प होतं, तसंच काहीसं. हात-पाय बांधून ठेवण्याच्या पट्ट्या वेगळ्या. नको झालं तर यातून मुलाला बाहेर येता आलं पाहिजे.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या अभ्यासात 6 ते 12 वर्षांची, ऑटिझम असलेली 162 मुलं होती. प्रत्येकाचे दात एकदा नेहमीच्या खोलीत आणि एकदा या बदललेल्या खोलीत साफ केले. मूल किती रडलं एवढंच त्यांनी पाहिलं नाही. त्वचेवर इलेक्ट्रोड लावून घामाच्या सूक्ष्म बदलांमुळे त्वचेतून वीज किती सहज वाहते, हेही मोजलं. वरून गप्प दिसणारं मूल आतून किती हादरलंय, ते या मोजमापात उघडं पडतं. बदललेल्या खोलीत आतला ताणही कमी निघाला आणि दिसणारा त्रासही. फरक जादू म्हणावी असा नव्हता, मध्यम होता. पण दिवे मालवण्यासारख्या गोष्टींनी तो पडला होता.

तरी एक शत्रू खोलीच्या बाहेर उरतो. आता पुढे काय होणार हे माहीत नसणं. शब्दांत सांगितलेली गोष्ट हवेत विरते. मुलाने ती ऐकून, लक्षात ठेवून, क्रम लावून पुढचा अंदाज बांधायचा असतो. चित्र तिथेच राहतं. 1972 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉपलर यांच्या पुढाकाराने टीच नावाचा कार्यक्रम राज्यभर सुरू झाला आणि दिवसभराची कामं चित्रांच्या पट्टीवर मांडण्याची पद्धत तिथून जगभर पसरली. दातांच्या दवाखान्यात ती स्वीडनच्या बेक्मन आणि पिलेब्रो यांनी आजमावली. त्यांचा अभ्यास 1999 चा. बालवाडीच्या वयाची 16 मुलं, दवाखान्यातल्या एकेका पायरीचे रंगीत फोटो आणि ते आधी घरी पाहण्याची सवय. दीड वर्षाने पाहिलं तर ही मुलं, फोटो न पाहिलेल्या मुलांपेक्षा तपासणीच्या बऱ्याच जास्त पायऱ्या करू देत होती.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका कल्पित मुलाच्या निमित्ताने सावकाश पाहू. वय पाच, राहणार कोथरूड. तीन-चार शब्द बोलतो, बाकी हात धरून दाखवतो. ब्रश ओठाला लागला की मान फिरवतो. वरच्या पुढच्या दातांवर आईला पांढरट खडूसारखे डाग दिसलेत. आईला तपासणी लवकर करून घ्यायची आहे. तिने लहान मुलांच्या दंतवैद्य डॉक्टर शोधल्या, ज्यांना आपल्याकडे पेडो म्हणतात.

पहिली भेट फोनवर होते, मुलाशिवाय. डॉक्टरांचे प्रश्न आईला आधी विचित्र वाटतात. मिक्सर लावला की कानावर हात ठेवतो का? केस कापताना काय होतं? झोका आवडतो की पाय टेकलेलेच लागतात? आणि सगळ्यात महत्त्वाचा: “तो रडायच्या आधी तुम्हाला कशावरून कळतं?” आई थोडा विचार करते. “पायाची बोटं आखडतात, डॉक्टर. मग गुणगुणणं वाढतं. रडणं सगळ्यात शेवटी.” डॉक्टर हे लिहून घेतात. पुढच्या साऱ्या भेटींत त्यांची असिस्टंट मुलाच्या तोंडाकडे कमी आणि पायांकडे जास्त पाहणार आहे.

मग फोटो. आई एका दुपारी रिकाम्या दवाखान्यात जाऊन ते काढते, मोबाइल मुलाच्या उंचीवर धरून. इंटरनेटवरची हसऱ्या दातांची गोंडस चित्रं इथे उपयोगाची नसतात. चित्रातली खुर्ची निळी आणि खरी हिरवी निघाली, तर या मुलाच्या लेखी ती खुर्ची नव्हेच. पट्टीवर सहा फोटो बसतात: दवाखान्याचं दार, डॉक्टरताई मास्कशिवाय, डॉक्टरताई मास्क लावून, आडवी खुर्ची, तोंडात बघायचा छोटा आरसा, आणि शेवटी सोसायटीतला झोका. मास्कचे दोन फोटो का, असा प्रश्न पडेल. ओळखीचा चेहरा अर्ध्यावर गायब झाल्यामुळे अख्खी भेट फिसकटू शकते. झोका हा लाच म्हणून नाही. ती पट्टीवरची सहावी पायरी आहे. हे सगळं संपतं आणि संपल्यावर काय होतं, हे तो फोटो सांगतो. प्रत्येक फोटोमागे वेल्क्रो. एक काम झालं की मूल स्वतः फोटो काढून ‘झालं’ लिहिलेल्या पाकिटात टाकतं. सातवं एक कार्ड आई जवळ ठेवते, नुसतं पिवळं. त्याचा अर्थ ‘बदल’. डॉक्टरांची खुर्ची त्या दिवशी दुसऱ्या खोलीत हलवली असेल तर पट्टीवर आधी पिवळं कार्ड लागतं, मग नवी गोष्ट. घरी रोजच्या बारीकसारीक बदलांसाठी ते वापरून त्याचा अर्थ आधी पक्का करावा लागतो, नाहीतर ऐनवेळी ते नुसता पुठ्ठा ठरतं.

पुढचे दोन आठवडे घरची तालीम. सोफ्यावर आडवं पडायचं, आई दहापर्यंत मोजणार, दहा म्हटलं की उठायचं. दोन-तीन दिवसांनी त्या दहा आकड्यांत तळहाताने खांदे दाबायचे, मग दंड, मग गाल. शरीराच्या दूरच्या भागाकडून तोंडाकडे, आणि दाब भरपूर, चाचपडत नाही. गालापर्यंत जमलं की डॉक्टरांनी दिलेला प्लास्टिकचा आरसा ओठांना, मग दातांना. ग्लोव्हजची एक जोडी घरी आणून आई ती घालूनच मोजते. दवाखान्यातल्या आवाजाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर, जेमतेम ऐकू येईल इतकं, मूल खेळत असताना. दहा हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. दुधाचे दात वीस, वर दहा आणि खाली दहा. म्हणजे घरी दहा आकडे पडून राहायला शिकलेलं मूल दवाखान्यात एक अख्खी दंतपंक्ती मोजू देऊ शकतं.

दवाखान्यातली पहिली भेट सकाळी पहिलीच. आई आणि मुलगा खाली गाडीत थांबतात. वर सगळं तयार झालं की फोन येतो आणि दोघं थेट आतच जातात. वेटिंग रूममध्ये दुसरं मूल रडत असेल तर सारी तालीम पाण्यात. आत ट्यूबलाइट बंद, सक्शन बंद, खुर्ची आडवी. मुलाने गॉगल घातलाय आणि अंगावर एक्स-रेच्या वेळी घालतात तो जड एप्रन आहे. बोलणार फक्त एक माणूस, डॉक्टरताई, तीही तुटक आणि सरळ. “आता आरसा. दहा मोजू. मग झोका.” ‘तोंड उघडतोस का राजा?’ असं ती विचारत नाही, कारण प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर असू शकतं आणि ते मिळालं तर मानावं लागतं. दाताला कीड लागली असं तर चुकूनही म्हणत नाही. शब्द जसेच्या तसे घेणाऱ्या मुलाच्या तोंडात त्या क्षणापासून अळी वळवळू लागते.

एक, दोन, तीन. सहाला मुलाची जीभ आरशाला ढकलते, डॉक्टर थांबत नाही पण जोरही करत नाही. नऊ, दहा. आरसा बाहेर. वरचे दात दिसले. डाग दिसले. आणि इथे प्रत्येक आईच्या मनात येतं ते ही आईही बोलून दाखवते: “डॉक्टर, आता उघडलंयच तोंड, तर खालचे पण बघून घ्या ना.”

डॉक्टर मान हलवते. पट्टीवर आरशाचा फोटो एकच आहे. तो पाकिटात गेला. आता आणखी एकदा आरसा घातला तर पट्टी खोटी ठरेल आणि दहा या आकड्याचा अर्थ ‘दहा, किंवा डॉक्टरांना वाटेल तितके’ असा होईल. मूल दोन आठवडे जे शिकलं ते एका मिनिटात पुसलं जाईल. खालचे दात पंधरा दिवसांनी. सगळं मिळून आठ मिनिटं झालेली असतात.

ही आठ मिनिटं मला या साऱ्या प्रकारातली सर्वांत अवघड गोष्ट वाटते, आणि ती मुलासाठी नाही, मोठ्यांसाठी. सुट्टी काढून, रिक्षा-गाडी करून आलेल्या पालकांना आणि बाहेर तीन पेशंट थांबलेल्या डॉक्टरांना, हातात आलेलं तोंड सोडून द्यायचं असतं.

आता समजा, दुसऱ्या भेटीत चारलाच पायाची बोटं आखडली. इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे दामटून दहा पूर्ण करणं. दुसरी, घाबरून तत्काळ सगळं सोडून देणं. त्यात मूल किंचाळेपर्यंत वाट पाहिली गेली असेल तर किंचाळलं की सुटका होते हा धडा पक्का बसतो. जाणती डॉक्टर आखडलेली बोटं दिसताच, रडू यायच्या आत, आरसा बाहेर काढते आणि नक्की जमेल असं काहीतरी शेवटचं करून घेते: गालाला हात, “एक, दोन, तीन, झालं.” फोटो पाकिटात. शेवट ठरल्याप्रमाणे होतो, फक्त छोटा. पुढच्या वेळी सुरुवात पहिल्यापासून नाही, एक पायरी मागून.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत पट्टीवर नवा फोटो येतो, ब्रशचा. पुदिना नसलेली, कमी फेस होणारी पेस्ट. घट्ट बसलेला थर हाताच्या अवजाराने काढतात. कंपनांनी आणि पाण्याच्या फवाऱ्याने चालणारं स्केलिंगचं यंत्र दूरच राहतं.

हे सगळ्यांना जमतं का? सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने अशा टप्प्याटप्प्याने सवय लावण्याच्या कार्यक्रमातल्या 168 मुलांच्या नोंदी 2017 मध्ये मांडल्या. खुर्चीत बसून आरशाने तपासू देणं, हे किमान उद्दिष्ट. 77.4 टक्के मुलांनी ते एक-दोन भेटींतच गाठलं, पाच किंवा त्याहून कमी भेटींत 87.5 टक्क्यांनी. बोलून सांगू शकणाऱ्या, बोललेलं बऱ्यापैकी समजणाऱ्या मुलांना ते सोपं गेलं. मला पहिल्या आकड्याचं जास्त नवल वाटलं. ‘हा डॉक्टरला हातसुद्धा लावू देणार नाही’ असं ज्यांच्याबद्दल घरचे सांगतात, अशा मुलांच्या कार्यक्रमातली ही आकडेवारी आहे. पण हेही लक्षात ठेवायचं की हे यश नुसत्या तपासणीचं आहे. दात कोरून भरणं ही पुढची, बरीच उंच पायरी.

शिवाय ही पद्धत वेळ मागते, आणि दुखरा दात वेळ देत नाही. या मुलांच्या बाबतीत दुखणं कळायलाच उशीर होतो. ‘दात दुखतो’ असं मूल सांगणार नाही. एका बाजूनेच चावेल, आवडीचं कुरकुरीत खाणं अचानक नाकारेल, रात्री उठून बसेल, गालावर बुक्क्या मारेल. आणि हे सगळं ऑटिझमच्या खात्यावर जमा होतं. वागण्यात एकाएकी बदल झाला तर पहिल्यांदा तोंडात टॉर्च मारून पाहावं.

कोथरूडच्या मुलाच्या डागांपैकी एकात खड्डा पडला असेल, पण दुखत नसेल, तर मधला एक मार्ग आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रावण छोट्या ब्रशने त्या खड्ड्याला लावतात. ड्रिल नाही, सुई नाही. दात आणि आजूबाजूची जागा कोरडी करून थेंबभर लावायचं. कीड बहुतेकदा तिथेच थांबते. चव धातूसारखी कडवट असते, म्हणून घरी आधी पाण्यात बुडवलेल्या ब्रशने तालीम. किडका भाग मात्र कायमचा काळा पडतो आणि तो समोरच्या दातावर दिसतो. हे आईला आधी स्पष्ट सांगून, फोटो दाखवून, तिची संमती घेतात.

सूज असेल, पू असेल, अनेक दात खोलवर किडले असतील, तर फोटोपट्टी बाजूला ठेवून भूल देणंच शहाणपणाचं. एकाच वेळी सगळे दात करून घेतात आणि मुलाला त्यातलं काही आठवत नाही. नेमकी तिथेच मेख आहे: काही आठवत नाही म्हणजे ते काही शिकलंही नाही, आणि दात पुन्हा किडायला मोकळे आहेत. म्हणून चांगले पेडो भुलेनंतर तोंड बरं झालं की मुलाला परत बोलावतात. दुरुस्त करायचं काहीच नसतं. ट्यूबलाइट बंद, खुर्ची आडवी, पट्टीवर सहा फोटो, आणि वरच्या दहा दातांची मोजणी.